अंदाजपत्रकाच्या आधीचे दीड पान



फेब्रुवारी सरत आला की कारखान्याच्या कचेरीत एक वेगळीच लगबग सुरू होते. गव्हाणीवर ऊस पडतच असतो, मिल चालूच असते. पण इकडे हेड ऑफिसात प्रत्येक खात्याचा प्रमुख आपल्या टेबलाशी बसून पुढल्या सालाची मागणी मांडत असतो. इंजिनिअरिंग, उत्पादन, शेतकी, भांडार, सुरक्षा ही सगळी खाती आपापले तक्ते तयार करतात. त्या तक्त्यांवर दीड-दोन पानांचे एक पत्र लावतात, ते कार्यकारी संचालकांमार्फत अर्थ समितीकडे जाते आणि मार्चअखेर संचालक मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करते. सभासदांच्या हाती येते ते वार्षिक अहवालातले छापील अंदाजपत्रक. ते दीड पान कधी कोणी वाचत नाही.

आमचे म्हणणे असे की खरी गोष्ट त्या दीड पानातच असते. आणि सगळ्या खात्यांत एकाच खात्याचे पत्र असे आहे की ज्याच्यावर बाकीच्या सगळ्यांचे आकडे उभे असतात. ते म्हणजे मुख्य शेतकी अधिकाऱ्यांचे.

कसे ते पाहा. चीफ इंजिनिअर रोलरची दुरुस्ती मागतात, बॉयलरच्या नळ्या मागतात. ऊस तीन लाख टन आला काय अन् चार लाख टन आला काय, मिल उघडून बसवायचा खर्च जवळजवळ तेवढाच. कामगारांचा पगार ऊस कमी आला म्हणून कमी होत नाही. कर्जाचे व्याज तर रात्रीसुद्धा झोपत नाही. हा सगळा खर्च शेवटी भागला जातो तो गाळलेल्या टनांनी. आणि तो भाजक, म्हणजे पुढल्या हंगामात किती टन ऊस येणार हा आकडा, शेतकी खात्याच्या पत्रात असतो. तो आकडा फुगला की बाकीच्या सगळ्यांचा टनामागचा खर्च कागदावर आपोआप खाली येतो. कोणी लबाडी करायची गरजच पडत नाही.

हिशेब समजावा म्हणून एक नमुना घेऊ. हे आकडे कोणत्याही एका कारखान्याचे नव्हेत, पण आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या २,५०० टनी कारखान्याला शोभतील असे धरले आहेत. नोंद आहे ५,९०० हेक्टरांची. त्यात आडसाली ६०० हेक्टर, हेक्टरी १०० टन धरला तर ६० हजार टन. पूर्वहंगामी १,५०० हेक्टर, ८५ टनाने १ लाख २७ हजार ५००. सुरू १,३०० हेक्टर, ७० टनाने ९१ हजार. खोडवा २,५०० हेक्टर, ६० टनाने दीड लाख. बेरीज झाली ४ लाख २८ हजार ५०० टन. शेतकी खात्याच्या पत्रात पुष्कळदा हाच आकडा 'उपलब्ध ऊस' म्हणून ठोकून दिलेला असतो.

आता यातला किती ऊस गव्हाणीत पडणार? काही बेण्याला जातो, काही गुऱ्हाळाला, काही जनावरांच्या चाऱ्याला, आणि झोनबंदी उठल्यापासून काही शेजारच्या कारखान्याला. सगळे मिळून १५ टक्के धरले तर उरतो ३ लाख ६४ हजार टन. हे साधारण बऱ्या सालाचे झाले. पाण्याने दगा दिला तर? खोडवा ६० ऐवजी ४५ टनांवर येतो, सुरू ५५ वर, पूर्वहंगामी ७५ वर, आडसाली ९० वर. त्यातून तुटीच्या साली चाऱ्याला जाणारा ऊस वाढतो, म्हणून १५ ऐवजी २५ टक्के वजा करा. उरतो २ लाख ६३ हजार.

पगार, दुरुस्ती आणि इतर स्थिर खर्च मिळून २२ कोटी धरा. पहिल्या आकड्याने भागले तर टनाला ५१३ रुपये येतात. दुसऱ्याने ६०४. तिसऱ्याने ८३७. तेच २२ कोटी, तीच माणसे, तेच यंत्र. भाजक बदलला आणि टनामागे सव्वातीनशे रुपयांचा फरक पडला. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन जे राहते ते आपल्या खात्यावर येते. त्या हिशेबात सव्वातीनशे रुपये म्हणजे किती, हे ऊस लावणाऱ्याला सांगायला नको. एफआरपी तर चौदा दिवसांत द्यावीच लागते. ऊस नियंत्रण आदेश तसे सांगतो. मग हा फरक कुठून निघतो? नव्या कर्जातून, नाही तर त्यावरच्या ज्यादा भावातून, जो आपण धरून बसलेलो असतो.

कोणी म्हणेल, हे सगळे अंदाजच आहेत, देवाच्या हातचे आहे. तसे पूर्ण नाही. फेब्रुवारीत पत्र लिहिताना शेतकी अधिकाऱ्याला काही गोष्टी पक्क्या माहीत असतात, काही अर्धवट आणि काही मुळीच नाही. आडसाली गेल्या जुलै-ऑगस्टात लागली, ती शेतात उभी आहे. जाऊन मोजता येते. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, तीही उगवून आली आहे. सुरूची लागण अजून चालू आहे, म्हणजे नोंदीच्या वहीत निम्मे खरे आणि निम्मे मनातले. खोडव्याची गोष्ट सर्वांत कच्ची. आज तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवतो असे शेतकरी तोंडाने सांगतो, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की तो नांगर घालतो. आणि नमुन्यात पाहिले तर एकूण क्षेत्राचे चाळीस टक्क्यांहून अधिक खोडवाच आहे. म्हणजे ज्या आकड्याचा भरवसा सगळ्यांत कमी, त्याचाच वाटा सगळ्यांत मोठा.

पावसाचे आणि धरणाचे तर कळायला अजून सात-आठ महिने असतात. जायकवाडीत पाणी किती हे १५ ऑक्टोबरला पाहिले जाते. तेव्हा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न येतो, आणि मग काय रणे माजतात ते आपण दर तुटीच्या साली पाहतोच. अंदाजपत्रक मात्र मार्चात मंजूर झालेले असते.

मोठमोठ्यांचे अंदाजसुद्धा कसे चुकतात ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या राज्यात २०२२-२३ च्या हंगामाला सुरुवातीला १३८ लाख टन साखरेचा अंदाज होता. निघाली सुमारे १०५ लाख टन. लांबलेला पाऊस आणि घटलेला खोडवा यांनी ३३ लाख टन गिळले. लगेच पुढच्या साली, २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला म्हणून सगळ्यांनी हात आखडला, नव्वद लाख टनांच्या आतले आकडे आले, आणि प्रत्यक्षात निघाली सुमारे ११० लाख टन. त्याच्या पुढल्या साली पुन्हा शंभरच्या वरचा अंदाज आणि ऐंशीच्या आसपास उत्पादन. उपग्रहाचे फोटो घेऊन, राज्यभराची माहिती गोळा करून ही स्थिती. मग एका कारखान्याच्या नोंदवहीतला एकच एक आकडा, तोही शेवटच्या टनापर्यंत, इतक्या विश्वासाने कसा लिहिला जातो?

तो तसा लिहिला जातो याची कारणे आहेत, आणि ती एकट्या शेतकी अधिकाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. गटातला मदतनीस नोंद वाढवून दाखवतो, कारण त्याच्या गटाचे काम उठून दिसते. गटाच्या संचालकाला आपला गट मोठा दिसायला हवा असतो. बँकेला पूर्वहंगामी कर्जाचा प्रस्ताव करताना गाळप जितके जास्त दिसेल तितके बरे वाटते. इतक्या जणांना हवा असलेला आकडा खाली आणायचा तर अधिकाऱ्याच्या पाठीत कणा पाहिजे, आणि त्याला पाठिंबा देणारी अर्थ समिती पाहिजे.

फुगलेला आकडा ओळखता येतो का? येतो. पहिले, गेल्या हंगामात नोंद किती हेक्टरांची होती आणि प्रत्यक्ष तोड किती हेक्टरांवर झाली हे शेजारी शेजारी ठेवावे. शेतकी खात्याकडे दोन्ही आकडे असतात. दुसरे, हेक्टरी टनेज मनाने धरलेले आहे की काट्यावरचे आहे ते विचारावे. गेल्या साली काट्यावर आलेला ऊस भागिले तुटलेले क्षेत्र, एवढाच तो हिशेब. लागणीचा वेगळा आणि खोडव्याचा वेगळा. तिसरे, खोडव्याचे क्षेत्र गेल्या लागणीच्या क्षेत्राइतकेच दाखवले असेल तर समजावे की कोणी शेतात गेलेले नाही, वहीतला आकडा उचलून पुढच्या रकान्यात ठेवला आहे. आणि एकच गट नंबर दोन कारखान्यांच्या वहीत असणे ही तर आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सभासद मंडळींनी हे आपल्याच मनाला विचारून पाहावे.

आता पैशाकडे येऊ. शेतकी खात्याच्या मागणीत ऊस विकास, बेणे, माती परीक्षण वगैरे किरकोळ रकमा असतात. त्यांवर अर्थ समितीत तासभर चर्चा होते, चार-दोन लाख कापले जातात आणि सगळ्यांना काटकसर केल्याचे समाधान मिळते. खरी रक्कम असते तोडणी-वाहतुकीच्या उचलीची. ती 'खर्च' म्हणून येत नाही, 'येणे' म्हणून येते, म्हणून तिच्याकडे फारसे कोणी डोळे वटारून पाहत नाही. परत येणारच आहे, अशी समजूत.

ती येते का, हे पुन्हा त्याच उसाच्या आकड्यावर अवलंबून आहे. आपला नमुना पुढे चालवू. ४ लाख २८ हजार टन ऊस १६० दिवसांत गाळायचा म्हटले तर दिवसाला जवळजवळ २,७०० टन होतात. २,५०० टनी कारखान्याला हे झेपते का, हा प्रश्न इथेच पडायला हवा होता, पण असो. एका कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, आजारपण, पाऊस, मोडलेली गाडी हे सगळे धरून दिवसाला सरासरी दीड टन काम. म्हणजे साधारण १,८०० कोयते. काही येणार नाहीत, काही मधूनच निघून जातील, म्हणून वर थोडे धरून २,००० कोयत्यांचे करार. कोयत्यामागे ६० हजार उचल धरली तर मागणी झाली १२ कोटींची.

आता ऊस आला २ लाख ६३ हजार टन. दोन हजार कोयत्यांत वाटला तर एकेका कोयत्याच्या वाट्याला हंगामभरात १३१ टन. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. त्या दराने कोयत्याची मजुरी होते सुमारे ४८ हजार. उचल ६० हजार. म्हणजे त्या जोडीने हंगामभर पाचट तुडवून, थंडीत पहाटे मोळ्या बांधून, घरी जाताना अंगावर १२ हजारांचे देणे न्यायचे. आणि हंगामात पोटाला लागणारी आठवड्याची खर्ची ती वेगळीच. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर कोयत्यामागे १२ हजार म्हणजे दोन हजार कोयत्यांचे २ कोटी ४० लाख अडकले. मुकादम पुढल्या साली दुसरा कारखाना धरतो, वाहतूक ठेकेदार हात वर करतो, कोर्टात दावे पडतात. चार-पाच वर्षांनी ऑडिटर ती रक्कम 'संशयित येणे' या मथळ्याखाली दाखवतो. तोपर्यंत ते पत्र लिहिणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि मंजूर करणारे मंडळही बदललेले असते.

मजूर पळाले, मुकादमाने बुडवले, असे आपण सर्रास म्हणतो. बुडवणारे असतात, नाही असे नाही. पण जितका ऊसच नव्हता तितक्याची उचल वाटली, आणि मग ती फिटली नाही म्हणून बीड-पाथर्डीच्या माणसाला चोर ठरवले, असेही पुष्कळदा घडलेले असते. हीच मागणी मधल्या आकड्यावर, ३ लाख ६४ हजार टनांवर बेतली असती तर १,७०० कोयते पुरले असते आणि उचल १० कोटी २० लाख झाली असती. ऊस २ लाख ६३ हजारांवर आला असता तरी प्रत्येकाला १५५ टनांच्या जवळपास काम मिळून मजुरी साडेछपन्न हजारांपर्यंत गेली असती. अडकले असते ५८-६० लाख. २ कोटी ४० लाख आणि साठ लाख, हा फरक त्या दीड पानातल्या पहिल्या वाक्याचा आहे.

मग आकडा खालचाच धरावा, म्हणजे सुरक्षित, असे कोणी सुचवील. त्याची फळेही आपण भोगली आहेत. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की मे महिना उजाडला तरी फड उभे होते. काही कारखाने जूनमध्येही चालले. उन्हात ऊस वाळला, वजन गेले, तुरे आले, तोडीसाठी लोकांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. शेवटी सरकारला लांबच्या वाहतुकीसाठी आणि उताऱ्यातल्या घटीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. त्या साली ज्यांच्याकडे टोळ्या कमी होत्या त्यांच्या सभासदांनी जे सोसले ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ते ज्याच्या त्याच्या फडात गेले. तेव्हा वरचा आकडा धरणे चूक तसा खालचा धरणेही चूक.

आमच्या मते शेतकी अधिकाऱ्याने एक आकडा देऊच नये. तीन द्यावेत, आणि कोणत्या तारखेला कोणता खरा ठरू लागला हे कळेल ते सांगावे. मागणीही त्याच पायऱ्यांनी करावी. पत्र कसे असावे याचा एक मसुदा आम्ही इथे देतो. आकडे वरच्या नमुन्यातलेच आहेत.

'प्रति, मा. अध्यक्ष, अर्थ समिती. मार्फत, मा. कार्यकारी संचालक. विषय : पुढील आर्थिक वर्षासाठी शेतकी खात्याची अंदाजपत्रकीय मागणी.

महोदय, सोबत खात्याची मागणी सविस्तर तक्त्यांसह सादर करीत आहे. सदर मागणी ३ लाख ६४ हजार टन गाळप गृहीत धरून केली आहे. नोंदीप्रमाणे एकूण ऊस ४ लाख २८ हजार टन दिसतो. परंतु बेणे, चारा, गुऱ्हाळे व इतर कारखाने यांकडे जाणारा १५ टक्के ऊस वजा केला आहे. पाण्याची तूट झाल्यास गाळप २ लाख ६३ हजार टनांपर्यंत खाली येऊ शकेल. आडसाली व पूर्वहंगामी क्षेत्राची शेतावर जाऊन पाहणी झाली आहे. सुरू व खोडवा यांचे क्षेत्र नोंदीवरून घेतले असून त्याची पाहणी मेअखेर पूर्ण करून सुधारित आकडे सादर करण्यात येतील.

गेल्या तीन हंगामांतील अंदाज व प्रत्यक्ष गाळप यांचा तक्ता क्रमांक १ सोबत आहे. हेक्टरी उत्पादन गेल्या हंगामातील काट्यावरील वजनावरून काढले आहे.

तोडणी-वाहतूक उचलीसाठी १० कोटी २० लाख रुपयांची मागणी आहे. पैकी १,४०० कोयत्यांचे ८ कोटी ४० लाख रुपये एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने लागतील. उर्वरित ३०० कोयत्यांचे १ कोटी ८० लाख रुपये ऑगस्टअखेरच्या पाहणीनंतर समितीच्या स्वतंत्र मंजुरीने खर्च करण्यात यावेत. मागील हंगामांतील वसूल न झालेल्या उचलीची ठेकेदारनिहाय व वर्षनिहाय यादी तक्ता क्रमांक २ मध्ये दिली आहे. ज्यांच्याकडे एका हंगामाहून जुनी बाकी आहे त्यांना नव्याने उचल प्रस्तावित केलेली नाही.

मागणीत कपात करावयाची झाल्यास ती उचलीच्या दुसऱ्या टप्प्यात करावी. बेणे मळ्याच्या तरतुदीत कपात केल्यास त्याचा परिणाम त्यापुढील हंगामाच्या लागणीवर होईल. आपल्या मंजुरीस्तव सविनय सादर.'

बस्स, एवढेच. यात कुठे 'महागाईचा विचार करता मागील वर्षाच्या तरतुदीत दहा टक्के वाढ प्रस्तावित आहे' हे वाक्य नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते वाक्य सगळ्या खात्यांच्या पत्रांत इतके सरावाचे झाले आहे की ते वाचून कोणाला काही कळत नाही आणि वाईटही वाटत नाही. समिती दहा टक्के कापणार हे खातेप्रमुखाला माहीत, म्हणून तो दहा टक्के वाढवून मागतो. आणि तो वाढवून मागतो हे समितीला माहीत, म्हणून ती कापते. दोघेही आपापल्या जागी हुशार. ज्याने प्रामाणिकपणे नेमके मागितले त्याचे मात्र हाड मोडते.

म्हणून मसुद्यातले शेवटचे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते : कापायचे तर कुठे कापा, आणि इथे कापले तर काय होईल. हे खात्याच्या प्रमुखाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. बेणे मळ्याचे आठ-दहा लाख कापणे सोपे, कारण मळा ओरडत नाही. पण जुनेच बेणे वर्षानुवर्षे फिरत राहिले की उगवण घटते, गवताळ वाढ दिसू लागते, आणि दोन वर्षांनी हेक्टरी टनेज का उतरले म्हणून सभेत प्रश्न विचारला जातो.

या पद्धतीला अडचण आहे, ती लपवून उपयोग नाही. करार उन्हाळ्यात होतात. चांगल्या टोळ्या गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या होऊन बसतात. ऑगस्टअखेर तीनशे कोयते शोधायला निघाल तर उरलेसुरलेच हाती लागतील, कदाचित उचलही जास्त मागतील. कर्नाटकातले कारखाने आपल्या टोळ्या ओढून नेतात हेही खरे. यावर एक मार्ग म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा काही भाग तोडणी यंत्रावर टाकणे. यंत्राला टनावर भाडे ठरवता येते, शेकडो माणसांना आगाऊ पैसे वाटावे लागत नाहीत. पण यंत्राला सरी किमान साडेचार-पाच फुटांची लागते, फड सलग लागतो, आणि आपल्याकडे अर्ध्या एकराच्या तुकड्यात अडीच-तीन फुटांची सरी अजून पुष्कळ आहे. म्हणजे यंत्रावर किती टन टाकता येईल हा आकडाही शेतकी अधिकाऱ्यानेच, सरीचे अंतर पाहून, पत्रात लिहायला हवा. तो नुसता 'यंत्राद्वारे तोडणीस चालना' असा लिहिला तर त्याचा अर्थ शून्य.

दुसरी अडचण माणसांची आहे. तीन आकडे देणारा अधिकारी घाबरट आहे, त्याला आपल्याच खात्याची खात्री नाही, असे म्हणणारे संचालक निघतात. ठणकावून एक आकडा सांगणारा माणूस बैठकीत शोभतो. अशा वेळी समितीच्या अध्यक्षांनी तक्ता क्रमांक १ उघडून पाहावा. गेल्या तीन हंगामांत ठणकावून सांगितलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत किती अंतर पडले, हे एकदा मोठ्याने वाचून दाखवले की आवाज आपोआप खाली येतात.

आणि सभासदांनी काय करावे? सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तोवर जून-ऑगस्टचा पाऊस कळलेला असतो, खोडवा मोडला की राहिला हे डोळ्यांनी दिसत असते. अशा सभेत साखर किती दराने विकली, स्वीय सहायकाची गाडी कोणती, यावर अर्धा दिवस जातो. त्याऐवजी उठून दोनच गोष्टी विचारा. अंदाजपत्रक किती टनांवर मांडले होते, आणि आज तो आकडा किती आहे? दुसरे, एका हंगामाहून जुन्या उचलीची बाकी किती, आणि त्यांपैकी किती जणांना यंदा पुन्हा उचल दिली?

उत्तर देणाऱ्याला टेबलावरचे दीड पान उघडावे लागेल. ते पान तिथे नसेल तर तसे इतिवृत्तात लिहून घ्या.